आज रात्री साडेआठला, यूट्यूबवर

21 मे 2021, शुक्रवार, भारतात सकाळचे साडेनऊ. दक्षिण कोरियातल्या बीटीएस या गायकसंचाचं ‘बटर’ हे गाणं यूट्यूबवर येणार होतं. गाणं कधीच चित्रित झालेलं होतं, त्याचं संकलन झालं होतं आणि फाइल यूट्यूबकडे जाऊन पडली होती. मंचावर कोणी उभं राहून गाणार नव्हतं. तरीही एका क्षणी जगभरातले 39 लाख लोक त्या एकाच पानावर एकत्र बसले होते. आकडे उलटे मोजले जात होते, शेजारच्या चौकटीत दहा-वीस भाषांमधल्या आरोळ्या वाचता येणार नाहीत इतक्या वेगाने वर सरकत होत्या. पहिल्या 24 तासांत तो व्हिडिओ 10 कोटी 82 लाख वेळा पाहिला गेला.

तयार असलेल्या व्हिडिओसाठी लोकांना घड्याळाकडे बघत बसवण्याच्या या सोयीचं नाव प्रीमियर. यूट्यूबने ती जून 2018 मध्ये जाहीर केली. आता ती कोणाही चॅनलवाल्याला फुकट मिळते. गावच्या भजनी मंडळालाही आणि बीटीएसलाही. तरी बहुतेक लहान चॅनल ती एक तर वापरत नाहीत किंवा उगाच प्रत्येक व्हिडिओला लावून ठेवतात. दोन्हीचं कारण एकच आहे: ही सोय नेमकं काय करते, हे कोणी नीट सांगितलेलं नसतं.

यूट्यूबवर व्हिडिओ लोकांपुढे आणायच्या वाटा मोजक्या आहेत. चढवला आणि लगेच खुला केला, ही पहिली. दुसरी म्हणजे वेळ लावून ठेवणं. ठरलेल्या वेळेपर्यंत व्हिडिओ खासगी राहतो, कोणाला दिसत नाही, आणि वेळ झाली की आपोआप खुला होतो. तिसरी वाट थेट प्रक्षेपणाची. तिथे कॅमेरा, माणसं, इंटरनेट सगळं त्या क्षणी चालू लागतं. प्रीमियर या दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधली आहे. व्हिडिओ दिसत नाही, पण त्याचं पान आधीच खुलं होतं. त्या पानाला स्वतःची लिंक असते. ती कोणालाही पाठवता येते. पानावर पोस्टर असतं, वेळ असते, आठवण करून द्या असं सांगणारं `Notify me` हे बटण असतं आणि गप्पांची चौकट असते. वेळ झाली की व्हिडिओ सगळ्यांसाठी एकदम सुरू होतो. पाहणारा मागे जाऊ शकतो, पण जिथवर प्रक्षेपण पोचलंय त्याच्या पुढे उडी मारू शकत नाही. म्हणजे शेवट सगळ्यांना एकदमच कळतो. चॅटला अर्थ येतो तो यामुळेच. संपल्यावर तोच व्हिडिओ, त्याच लिंकवर, साध्या व्हिडिओसारखा राहतो.

थेट प्रक्षेपणापेक्षा यात एक मोठी निश्चिंती असते. फाइल आधीच यूट्यूबकडे असल्यामुळे ऐन वेळी आपल्या घरची वीज गेली, राउटर बंद पडला, तरी खेळ चालू राहतो. आणि सादरीकरणाची चिंता नसल्यामुळे करणारा माणूस मोकळा असतो. तो प्रेक्षकांत येऊन बसू शकतो.

मोठ्या कंपन्यांना याची ताकद लवकर कळली. 30 नोव्हेंबर 2018 रोजी एरियाना ग्रँडेच्या ‘थँक यू, नेक्स्ट’ या गाण्याचा व्हिडिओ प्रीमियर म्हणून आला, तेव्हा एका वेळी सव्वाआठ लाखांहून जास्त लोक हजर होते. सोय येऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. जून 2020 मध्ये ब्लॅकपिंकच्या ‘हाउ यू लाइक दॅट’ला साडेसोळा लाख, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीटीएसच्याच ‘डायनामाइट’ला 30 लाखांच्या पुढे. मग ‘बटर’.

या चढाओढीच्या मधे एक भारतीय प्रकरणही आहे. जुलै 2019 मध्ये रॅपर बादशाह यांच्या ‘पागल’ या गाण्याला पहिल्या 24 तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचं जाहीर झालं आणि त्यातले किती जाहिराती देऊन आलेले, यावर जगभर चर्चा झाली. सप्टेंबर 2019 मध्ये यूट्यूबने नियम बदलला. पहिल्या 24 तासांच्या विक्रमांत जाहिरातीतून आलेले व्ह्यूज धरायचे नाहीत. लोकांनी लिंक उघडून, शोधून किंवा यूट्यूबच्या पानांवर समोर आल्यावर पाहिलेलेच धरायचे. पैसे टाकून आकडा फुगवायची वाट बंद झाल्यावर चाहत्यांना ठरलेल्या मिनिटाला स्वतःच्या पायांनी आणणं महत्त्वाचं ठरलं. प्रीमियर नेमकं तेच काम करतो, त्यामुळे मोठ्या गाण्यांच्या दुनियेत त्याचं वजन वाढलं.

पण आपल्यापैकी कोणाकडे 39 लाख माणसं नाहीत. म्हणून पुढचं सगळं एका लहान उदाहरणावर पाहू.

समजा, एक हौशी नाट्यसंस्था आहे. स्पर्धेत गाजलेली पस्तीस मिनिटांची एकांकिका त्यांनी तीन कॅमेऱ्यांनी चित्रित केली आहे. चॅनलला अठराशे सबस्क्रायबर आहेत. कलाकारांचे नातेवाईक पुण्यात, साताऱ्यात आणि काही न्यू जर्सीत, लंडनमध्ये, दुबईत आहेत. एकांकिका नुसती चढवून दिली तर आठवडाभर कोणी ना कोणी बघत राहील, एकटं एकटं, अर्धं अर्धं. संस्थेला मात्र प्रयोगासारखं काहीतरी हवं आहे.

पहिला प्रश्न वेळेचा. रविवार, रात्री साडेआठ ही वेळ आपल्याकडे सोयीची: जेवणं उरकलेली किंवा उरकत आलेली. दुबईत तेव्हा सात वाजलेले असतात. उन्हाळी वेळ चालू असेल तर लंडनमध्ये दुपारचे चार आणि न्यू जर्सीत सकाळचे अकरा, म्हणजे तिकडेही रविवारच. कॅलिफोर्नियात सकाळचे आठ. उत्साही असतील ते उठतील. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक मंडळींना मात्र या वेळेत धरता येत नाही, तिथे बहुतेक ठिकाणी मध्यरात्र उलटून गेलेली असते. दिवाळीच्या सुमारास हे गणित बिघडतं. ब्रिटनची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे येतात, अमेरिकेची नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. प्रीमियरचं पान प्रत्येकाला त्याच्या त्याच्या देशाची वेळ दाखवतं, त्यामुळे तिथे गोंधळ नाही. गोंधळ होतो तो व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पोस्टरमुळे, कारण त्यावर नुसतंच ‘रात्री 8.30’ छापलेलं असतं. तिथे ‘भारतीय वेळ’ हे दोन शब्द घालायला विसरू नये.

दुसरी गोष्ट फाइल चढवण्याची. रविवारच्या खेळासाठी फाइल रविवारी दुपारी चढवायची नाही, निदान बुधवारी चढवायची. चढवली की यूट्यूब तिच्या वेगवेगळ्या दर्जाच्या प्रती तयार करत बसतं, त्याला वेळ लागतो. (चित्रीकरण 4के असलं तरी प्रीमियर चालू असताना प्रेक्षकांना फार तर 1080पी दिसतं; पुरा दर्जा नंतर मिळतो. त्यावरून छायाचित्रणकाराशी ऐन वेळी भांडण नको.) त्याहून महत्त्वाची असते हक्कांची तपासणी. चढवताना येणाऱ्या `Checks` या पायरीवर यूट्यूब आपल्या आवाजाची आणि चित्राची तुलना संगीत कंपन्यांनी त्याच्याकडे दिलेल्या नमुन्यांशी करतं. आपल्या एकांकिकांमध्ये पार्श्वसंगीत म्हणून जुनं सिनेमाचं गाणं किंवा कुठल्या तरी विदेशी चित्रपटाचा तुकडा सर्रास वापरला जातो. नाट्यगृहात त्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही. यूट्यूबचं यंत्र मात्र तो तुकडा, वरती नटाचा संवाद चालू असला तरी, बऱ्याचदा ओळखतं. मग कधी व्हिडिओचं उत्पन्न त्या कंपनीकडे जातं, कधी काही देशांत व्हिडिओ दिसत नाही, कधी सगळीकडेच अडवला जातो. दुसऱ्या प्रकारात पुणेकरांना काहीच कळत नाही. न्यू जर्सीचा मामा मात्र रिकाम्या काळ्या चौकटीकडे बघत बसतो. बुधवारी हे समजलं तर तो तुकडा बदलून नवी फाइल चढवता येते. रविवारी आठला समजलं तर काहीच करता येत नाही.

नवी फाइल म्हणताना एक खाचखळगा लक्षात ठेवायला हवा. यूट्यूबवर एका लिंकवरची फाइल काढून तिथेच दुसरी ठेवता येत नाही. चुकीची प्रत चढली, शेवटच्या नामावलीत एखाद्या कलाकाराचं नाव राहिलं, तर व्हिडिओ काढून नवा चढवावा लागतो. नवी लिंक मिळते आणि जुन्या पानावर ज्यांनी आठवणीचं बटण दाबलं होतं ते सगळे हातचे जातात. म्हणून पान खुलं करण्याआधी कोणीतरी, शक्यतो संकलकाव्यतिरिक्त कोणीतरी, ती पस्तीस मिनिटं पहिल्यापासून शेवटपर्यंत हेडफोन लावून पाहावीत. लेखकाची परवानगी लेखी आहे ना, हेही याच टप्प्यावर बघून घ्यावं.

इतकं झालं की प्रत्यक्ष प्रीमियर लावणं दोन मिनिटांचं काम आहे. यूट्यूब स्टुडिओत `Visibility` या शेवटच्या पायरीवर `Schedule` निवडायचं, तारीख-वेळ भरायची आणि खाली `Set as Premiere` या चौकोनात खूण करायची. मग `Set up Premiere` मध्ये काउंटडाउनची सजावट आणि लांबी ठरवायची. आपण काही बदललं नाही तर काउंटडाउन दोन मिनिटांचं असतं; एक ते तीन मिनिटांपर्यंत ते करता येतं. नाट्यगृहातली तिसरी घंटा इथे हीच. आणि नाटकवाल्यांना सांगायला नको, घंटा वेळेवर होते, पडदा नंतर उघडतो: साडेआठची वेळ लावली तर साडेआठला काउंटडाउन सुरू होतं आणि एकांकिका आठ बत्तीसला. चॅनलला हजारावर सबस्क्रायबर असतील आणि नियमभंगाचा ठपका नसेल तर एक छोटी झलकही जोडता येते, पंधरा सेकंदांपासून तीन मिनिटांपर्यंतची. लिंक आधीच उघडणाऱ्याला ती दिसते. आपल्या संस्थेचे अठराशे आहेत, तेव्हा ही सोय तिला मिळते, आणि ती वापरलीच पाहिजे. कारण चार दिवस आधी लिंक उघडणाऱ्याला नुसतं पोस्टर दिसलं, तर ‘हे काय, काहीच नाही इथे’ म्हणून तो निघून जातो आणि पुन्हा येत नाही.

याच कारणासाठी पान किती आधी खुलं करायचं, याला मर्यादा आहे. प्रीमियर आला तेव्हापासून प्रेक्षकांची एक तक्रार ठरलेली आहे: नवा व्हिडिओ आला म्हणून उत्सुकतेने दाबावं आणि आत ‘अजून तीन दिवस’ दिसावं. कोरियन गाण्यांच्या चाहत्यांना तीन दिवस मोजण्यात मजा वाटते. आपल्या काकांना वाटत नाही. माझ्या मते लहान चॅनलने पान गुरुवारी संध्याकाळी किंवा शुक्रवारी खुलं करावं, त्याआधी नाही. बुधवार ते गुरुवार फाइल मसुद्यातच ठेवावी.

आठवणीच्या बटणाचं काम असं चालतं. ज्यांनी ते दाबलं त्यांना खेळाच्या साधारण अर्धा तास आधी एक सूचना जाते आणि सुरू होताना दुसरी. आपल्या उदाहरणात आठला आणि साडेआठला. म्हणून व्हॉट्सॲपवर लिंक पाठवताना ‘नक्की बघा’ हे लिहिण्यापेक्षा ‘लिंक उघडून Notify me दाबा’ हे लिहिणं जास्त उपयोगाचं. शुक्रवारी हो म्हणणारे पन्नासजण रविवारी रात्री क्रिकेटमध्ये गुंतलेले असतात. त्यांना तिथून उठवायला फोनवरची सूचनाच लागते. संस्थेच्या प्रत्येक कलाकाराने आपापल्या दहा माणसांना फोन करून ते बटण दाबायला लावलं, तर त्याचा परिणाम गटागटांत लिंक फिरवण्यापेक्षा जास्त होतो.

आता चॅट. प्रीमियरचं सगळं निराळेपण इथे आहे आणि बहुतेकांची फजितीही इथेच होते.

चॅट रविवारी रात्री साडेआठला उघडत नाही, पान खुलं झाल्याबरोबर उघडतं. गुरुवारी संध्याकाळी पान लावून सगळे झोपी गेले तर शुक्रवारी सकाळी तिथे कुणी तरी ‘घरबसल्या कमवा’ची लिंक टाकून गेलेलं असतं. तेव्हा व्यवस्था पान लावण्याआधी करायची. स्टुडिओच्या `Settings` मधल्या `Community` या भागात मॉडरेटर नेमता येतात, लिंका अडवता येतात आणि नको असलेल्या शब्दांची यादी देता येते. मराठी चॅनलांची यादी इथे नेहमी कमी पडते, कारण आपल्याकडे शिव्याही दोन लिप्यांमध्ये दिल्या जातात. देवनागरीत एक शब्द अडवला तरी तोच रोमन अक्षरांत तीन वेगवेगळ्या वर्णलेखनांनी आत येतो. यादी करताना हे सगळे प्रकार लिहावे लागतात. काम ओंगळ आहे, पण एकदाच करावं लागतं. यंत्राच्या आपोआप गाळणीवर मराठीसाठी विसंबू नये.

मॉडरेटरला एखादा संदेश काढता येतो, एखाद्याला थोडा वेळ गप्प करता येतं किंवा कायमचं लपवता येतं. गर्दी फार झाली तर स्लो मोड लावता येतो. म्हणजे एका माणसाला ठरावीक सेकंदांत एकच संदेश पाठवता येतो. दीडशे प्रेक्षकांच्या प्रीमियरला त्याची गरज पडत नाही. तिथे अडचण उलटी असते: कोणी बोलतच नाही.

लोक चॅटमध्ये येतात आणि गप्प बसतात, याचं कारण सोपं आहे. रिकाम्या सभागृहात पहिली टाळी कोणी वाजवायची, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. ती टाळी यजमानांनी वाजवायची असते. आठ वाजता सूचना गेली की तेव्हापासून संस्थेची तीन माणसं चॅटमध्ये हवीत. एकजण येणाऱ्यांचं नाव घेऊन स्वागत करतो: ‘साताऱ्याहून कोण कोण?’ या एका प्रश्नाने जेवढे हात वर होतात तेवढे ‘सर्वांचे हार्दिक स्वागत’ने होत नाहीत. दुसऱ्याचं लक्ष फक्त कचऱ्यावर. तिसरा म्हणजे दिग्दर्शक; तो प्रश्नांना उत्तरं देतो. त्याने स्वतःच्या नावाने, चॅनलच्या खात्यावरून किंवा मॉडरेटर म्हणून यावं. अशा नावापुढे खूण दिसते आणि लोकांना कळतं की हे खरंच ते आहेत.

दिग्दर्शकाने तयारी करून बसावं. हे काम मी एका ओळखीच्या गटाकडे पाहिलं, ते मला फार आवडलं. त्यांनी एका कागदावर दोन रकाने आखले होते. डावीकडे व्हिडिओतली वेळ, उजवीकडे त्या क्षणी टाकायचा संदेश. सातव्या मिनिटाला, जिथे पेटी उघडते, तिथे ‘ही पेटी आमच्या नेपथ्यकाराच्या आजीची आहे’. एकोणिसाव्या मिनिटाला, लांबलेल्या शांततेपाशी, काहीच नाही. कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं, ‘इथे कोणीही बोलायचं नाही’. संदेश अडीच-तीन ओळींपेक्षा मोठा नसावा, कारण वाचणारा त्याच वेळी पाहतही असतो. आणि पुढचं उघड करणारं काही नसावं. चॅट चढाओढीने वाहत नसेल तेव्हा एक महत्त्वाचा संदेश वर चिकटवून ठेवता येतो. कलाकारांची नावं किंवा पुढच्या प्रयोगाची तारीख तिथे ठेवावी.

एक तांत्रिक तपशील त्या कागदाला जोडायला हवा. सगळ्यांच्या पडद्यावर एकच क्षण दिसतो असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात इंटरनेटच्या वेगाप्रमाणे काही सेकंदांचा फरक पडतो. म्हणून नेमक्या वाक्यावर नेम धरून टाकलेला विनोद कोणाला आधी पोचतो, कोणाला नंतर. संदेश प्रसंगाबद्दल लिहावा, वाक्याबद्दल नव्हे, आणि प्रसंग सुरू झाल्यावर थोडं थांबून टाकावा.

चॅटच्या आकड्यांवरून मन खट्टू करून घेऊ नये, हेही इथेच सांगतो. टीव्हीवर यूट्यूब लावलेल्या घरात पाच माणसं बसलेली असतात. ती एक प्रेक्षक म्हणून मोजली जातात आणि रिमोटने टाइप करायला कोणी बसत नाही. फोन आडवा करून पूर्ण पडद्यावर पाहणाऱ्याला चॅट समोर नसतंच. शंभर हजर असताना पंधराजण बोलत असतील तर ती चांगली मैफल आहे. आणि व्हिडिओ ‘मुलांसाठी’ म्हणून नोंदवलेला असेल तर लाइव्ह चॅट मिळतच नाही. बालनाट्यवाल्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं, नाहीतर प्रीमियर लावून चॅट शोधत बसावं लागतं.

ज्यांना गर्दी कशी जमवावी हा प्रश्न खरोखरच पडतो, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. आठ वाजता वीस-पंचवीस मिनिटांचं थेट प्रक्षेपण करायचं, लेखक आणि कलाकारांशी गप्पा, आणि ते संपताच प्रेक्षकांना आपोआप प्रीमियरच्या पानावर पाठवायचं. ही सोयही हजार सबस्क्रायबरांनंतरच मिळते. फायदा असा, की गप्पांसाठी आलेला माणूस वेगळी लिंक न उघडता एकांकिकेत बसतो. तोटा असा, की थेट प्रक्षेपणाची सगळी धास्ती, वीज, इंटरनेट, माइक, पुन्हा मागे लागते. पहिल्याच वेळी हे दोन्ही एकत्र करू नये.

आता जे कोणी सहसा सांगत नाही ते. प्रीमियरच्या पानावर किती लोक थांबले आहेत, हा आकडा सगळ्यांना दिसतो. साडेआठला एक मिनिट कमी असताना तिथे ‘6’ लिहिलेलं असेल आणि त्यातले चार संस्थेचेच असतील, तर ती रिकामी खुर्ची प्रत्येक येणाऱ्याला दिसते. साध्या व्हिडिओत हा धोका नाही. तो सहाजणांनी पाहिला काय आणि सहाशेंनी, येणाऱ्याला त्या क्षणी काही जाणवत नाही. प्रीमियर लोक आणत नाही. येणारच असलेल्या लोकांना एका वेळी एकत्र बसवतो, बस इतकंच. ‘बटर’च्या मागे चाहत्यांची फौज आधीपासून होती.

म्हणूनच चॅनलवरचा प्रत्येक व्हिडिओ प्रीमियर म्हणून लावणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं. दर मंगळवारी येणाऱ्या पाककृतीसाठी कोण काउंटडाउन बघत बसेल? चौथ्या वेळी सूचना आली की लोक बेलच बंद करून टाकतात, आणि मग खरोखर महत्त्वाचा व्हिडिओ येतो तेव्हा त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही. वर्षातून दोन, फार तर तीन प्रीमियर पुरे. लांबीचंही तसंच. दहा ते चाळीस मिनिटांचा व्हिडिओ एका बैठकीत चॅटसकट निभावतो. दोन अंकी नाटक लावलं तर पहिल्या अर्ध्या तासानंतर चॅट थंडावतं आणि यजमानही थकतात. आणि माहितीपर व्हिडिओ, म्हणजे सातबारा कसा काढायचा, पीक विम्याचा अर्ज कसा भरायचा, यांना प्रीमियर लावणं म्हणजे गरजू माणसाला दारात ताटकळत ठेवणं. त्याला ते आत्ता हवं असतं.

माझा स्वतःचा ठोकताळा सांगतो. ठरलेल्या वेळेला हमखास येतील अशी माणसं बोटांवर नाही, वहीत नावं लिहून मोजावीत. पस्तीस-चाळीस नावं भरली नाहीत तर `Schedule` करून साधा व्हिडिओ लावावा आणि `Set as Premiere` ची खूण काढून टाकावी. त्यात काही कमीपणा नाही.

आणि ज्यांनी प्रीमियर केला, त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवसाचं एक काम उरतं. खेळ संपला की चॅट बंद होतं. नंतर व्हिडिओ पाहणाऱ्याला त्या गप्पा पुन्हा वाहताना दिसतात, पण त्यात कोणालाही नवं काही लिहिता येत नाही. घाईगर्दीत ज्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं, त्यांचा प्रश्न तिथे तसाच, उत्तराविना, कायम दिसत राहतो. सोमवारी सकाळी ते चॅट एकदा शांतपणे वाचून काढा, आणि राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं व्हिडिओखाली, विचारणाऱ्याचं नाव घालून, लिहा.